पेपर कोणत्या जर्नलला पाठवायचा? स्कोप, इंडेक्सिंग, वेळ आणि फी यांचा हिशेब कोणत्या क्रमाने करायचा

पहिला पेपर तयार झाला की बहुतेकजण एक तक्ता करतात. डावीकडे दहा-बारा जर्नल्सची नावं, वर स्कोप, इंडेक्सिंग, रिव्ह्यूचा वेळ आणि फी असे रकाने. मग प्रत्येकाला गुण द्यायचे आणि ज्याची बेरीज जास्त त्याला पेपर पाठवायचा. तक्ता करायला काहीच हरकत नाही. अडचण बेरजेची आहे. ज्या जर्नलला तुमचा विषयच चालत नाही त्याची फी शून्य असून काय उपयोग? आणि तुमच्या विद्यापीठाच्या नियमात न बसणाऱ्या जर्नलने तीन आठवड्यांत पेपर छापला, तरी तो तुमच्या खात्यात धरला जात नाही.

म्हणून चारही गोष्टी एका पातळीवर ठेवू नका. स्कोप आणि इंडेक्सिंग या चाळण्या आहेत. त्यातून खाली पडलेलं जर्नल यादीतून कायमचं जातं. वेळ आणि फी यांची तुलना उरलेल्या दोन-तीन नावांमध्येच करायची. एक पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे देता येतो, त्यामुळे पहिली निवड चुकली तर कित्येक महिने जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. समजा, तुमचा पेपर हवेतले सूक्ष्म कण मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरवर आहे. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सर खऱ्यापेक्षा मोठा आकडा दाखवतो. तुम्ही हा सेन्सर प्रमाणित उपकरणाशेजारी वर्षभर ठेवलात आणि आर्द्रतेनुसार आकडा दुरुस्त करणारं समीकरण काढलंत. को-ऑथर विद्यार्थिनीला प्रबंध सादर करण्यासाठी दहा महिन्यांच्या आत पेपर स्वीकारल्याचं पत्र हवं आहे. विद्यापीठाचा नियम सांगतो की जर्नल वेब ऑफ सायन्सच्या SCIE यादीत असावं. फीसाठी वेगळा निधी नाही.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- पेपरचा जवळपास अंतिम गोषवारा आणि पूर्ण संदर्भयादी
- विद्यापीठाचा किंवा निधी देणाऱ्या संस्थेचा इंडेक्सिंगचा नियम, मूळ शब्दांत. कुणाच्या तोंडून ऐकलेला नको.
- प्रत्येक को-ऑथरची मुदत
- फी कोण भरणार आणि किती, याचं स्पष्ट उत्तर
- ग्रंथालयाचा कोणत्या प्रकाशकांशी ओपन अ‍ॅक्सेसचा करार आहे, ही माहिती

१. पहिली यादी स्वतःच्या संदर्भांतून काढा

प्रकाशकांच्या वेबसाइटवर गोषवारा टाकला की जर्नल सुचवणारी साधनं असतात. एल्सव्हियरचं आहे, स्प्रिंगर नेचरचंही आहे. त्यांचा उपयोग होतो, पण प्रत्येक प्रकाशक स्वतःचीच जर्नल्स सुचवतो, हे विसरू नका. जैववैद्यकीय विषयांसाठी जेन नावाचं साधन आहे. ते पबमेडमधल्या नोंदींवरून सुचवतं, म्हणून एका प्रकाशकापुरतं मर्यादित राहत नाही.

यांच्याकडे नंतर वळा. सुरुवात संदर्भयादीपासून करा. प्रत्येक संदर्भासमोर त्याचं जर्नल लिहा आणि कोणतं किती वेळा येतं ते मोजा. मोजताना प्रस्तावनेतले ‘हवेचं प्रदूषण ही गंभीर समस्या आहे’ छापाचे संदर्भ वगळा. पद्धती आणि चर्चा या भागांत ज्यांच्याशी तुम्ही तुलना करता, ज्यांचं म्हणणं पुढे नेता किंवा खोडता, तेच धरा. तुमचे खरे वाचक तिथे आहेत.

आपल्या उदाहरणात समजा असे २० संदर्भ निघाले. त्यातले सात वातावरणीय मोजमापांच्या ‘क’ जर्नलमधले, चार पर्यावरण-आरोग्याच्या ‘ख’मधले, तीन सेन्सर तंत्रज्ञानाच्या नव्या ‘ग’मधले आणि दोन पर्यावरण-निरीक्षणाच्या सर्वसाधारण ‘घ’मधले. बाकीचे विखुरलेले. झाली पहिली यादी.

याची उलट बाजूही उपयोगी आहे. ज्या जर्नलला पेपर पाठवायचा विचार आहे, त्यातला एकही पेपर तुमच्या संदर्भांत नसेल तर थांबून विचार करा. एडिटरही संदर्भयादी चाळतो, आणि ही चर्चा आपल्याकडे चालतच नाही हे त्याला लगेच कळतं.

२. स्कोप ‘Aims and Scope’वरून नाही, छापलेल्या पेपरांवरून ठरवा

स्कोपचं पान मुद्दाम व्यापक लिहिलेलं असतं. त्यात तुमच्या विषयाचा एखादा शब्द सापडतोच आणि आपण खूश होतो. त्यापेक्षा गेल्या दोन वर्षांत तुमच्या विषयावर त्या जर्नलने छापलेले पाच-सहा पेपर उघडा आणि प्रत्येक गोषवाऱ्याचं शेवटचं वाक्य वाचा. कशाला ‘निष्कर्ष’ मानायचं याची त्या जर्नलची सवय तिथे दिसते.

‘क’मधल्या गोषवाऱ्यांचा शेवट ‘दुरुस्तीनंतर मोजमापातली चूक इतकी कमी झाली आणि ही पद्धत अमुक आर्द्रतेपर्यंत चालते’ असा होतो. ‘ख’मध्ये शेवट ‘या वस्तीतल्या लोकांना इतक्या प्रदूषणाला सामोरं जावं लागतं’ असा होतो. सेन्सर दोन्हीकडे आहे. पण ‘ख’साठी सेन्सर हे फक्त साधन आहे, त्यांना माणसं हवीत. तुमच्या पेपरात माणसं नाहीत, समीकरण आहे. ‘ख’ला पाठवलात तर ‘काम चांगलं आहे, पण आमच्या वाचकांसाठी नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी. ‘ख’ इथेच बाद, कितीही नावाजलेलं असलं तरी.

हे वाचताना आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली, पेपरचा प्रकार. काही जर्नल्स एकाच ठिकाणचा अभ्यास घेत नाहीत, काही फक्त पूर्ण लांबीचे संशोधन लेख घेतात. दुसरी, पुराव्याची पातळी. ‘क’मधल्या सगळ्या पेपरांत डेटा खुला ठेवलेला असेल आणि समीकरण वेगळ्या डेटावर तपासलेलं असेल, तर तुमच्याकडूनही तेच मागितलं जाणार. रिव्ह्यूअरने मागेपर्यंत वाट पाहू नका, ते आधीच करून पाठवा.

काम नीट केलेलं आहे पण निष्कर्ष फार नवा नाही, अशा पेपरसाठी वेगळी जर्नल्स आहेत. २००६मध्ये सुरू झालेल्या प्लॉस वनने ‘निष्कर्ष किती महत्त्वाचा’ याऐवजी ‘पद्धत बरोबर आहे का’ एवढंच तपासायचं धोरण घेतलं, आणि पुढे इतरांनीही ते घेतलं. इथे सगळं छापतात असा एक गैरसमज आहे. पद्धतीतला दोष तिथेही चालत नाही.

शंका उरलीच तर एडिटरला छोटी ईमेल लिहा. ‘माझा पेपर पाठवू का?’ असं विचारू नका, त्याला ‘पाठवा, मग पाहू’ हेच उत्तर येतं. गोषवारा जोडा आणि नेमकं विचारा: ‘एकाच ठिकाणच्या वर्षभराच्या मोजमापांवर आधारलेलं दुरुस्तीचं समीकरण तुमच्या स्कोपमध्ये बसतं का?’ अशी चौकशी एकापेक्षा जास्त जर्नल्सकडे करता येते. एकाच वेळी दोन ठिकाणी सबमिट मात्र करता येत नाही.

३. इंडेक्सिंग त्या इंडेक्सच्याच जागी जाऊन तपासा

जर्नलच्या मुखपृष्ठावरचे लोगो हा पुरावा नाही. स्कोपससाठी scopus.com/sources आणि वेब ऑफ सायन्ससाठी mjl.clarivate.com ही दोन्ही ठिकाणं फुकट पाहता येतात. शोध नावाने घेऊ नका, आयएसएसएन क्रमांकाने घ्या. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणारी जवळजवळ सारखी नावं खूप आहेत.

स्कोपसमध्ये जर्नल सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. तिथे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोंदी घेतल्या, हे लिहिलेलं असतं. यादीतून काढून टाकलेलं जर्नलही शोधात दिसतं, कारण त्याचे जुने पेपर तिथे राहतात. नोंदी दोन-तीन वर्षांपूर्वीच थांबल्या असतील तर तुमचा पेपर आत जाणार नाही.

वेब ऑफ सायन्समध्ये नियमाचे शब्द फार महत्त्वाचे ठरतात. मुख्य संग्रहात जर्नल्सच्या चार याद्या आहेत: विज्ञानासाठी SCIE, सामाजिक शास्त्रांसाठी SSCI, कला आणि मानव्यविद्यांसाठी AHCI, आणि चौथी, उदयोन्मुख जर्नल्ससाठी, ESCI. २०२३पासून ESCI मधल्या जर्नल्सनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो. तेव्हापासून ‘इम्पॅक्ट फॅक्टर आहे म्हणजे SCIE मध्ये असणारच’ हा जुना अंदाज चालत नाही. आपल्या उदाहरणातलं ‘ग’ नेमकं असं आहे. स्कोप उत्तम, इम्पॅक्ट फॅक्टर आहे, पण यादी ESCI. विद्यापीठाचा नियम SCIE म्हणतो, म्हणून ‘ग’ बाद. नियमात फक्त ‘वेब ऑफ सायन्स’ असं लिहिलं असतं तर ‘ग’ राहिलं असतं. म्हणूनच नियम मूळ शब्दांत हाताशी हवा.

वैद्यकीय विषयांत असाच गोंधळ पबमेडचा होतो. पबमेड हे शोधण्याचं ठिकाण आहे. त्यात मेडलाइनच्या निवडलेल्या जर्नल्सच्या नोंदी असतात, तशाच पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहातल्याही असतात. निधी देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे लेखकाने स्वतः जमा केलेला एखादा पेपरही तिथे दिसू शकतो. त्यामुळे एखादा पेपर पबमेडमध्ये दिसला म्हणून ते जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं होत नाही. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलच्या नोंदीवर पाहा.

आयएसएसएन असणं, डीओआय असणं किंवा गुगल स्कॉलरमध्ये दिसणं हे निवडीचे पुरावे नाहीत. आयएसएसएन हा ओळख क्रमांक आहे, दर्जा तपासून तो दिला जात नाही.

दोन सापळे वेगळे सांगायला हवेत. पहिला, जर्नल यादीतून निघून जाणं. मार्च २०२३मध्ये वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेटने एका फटक्यात पन्नासहून अधिक जर्नल्स वेब ऑफ सायन्समधून काढली. त्यात दरवर्षी हजारो पेपर छापणारं, नाव असलेलं एक जर्नलही होतं, पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्यावरचं IJERPH. एखाद्या जर्नलच्या पेपरांची संख्या एक-दोन वर्षांत कित्येक पटींनी वाढली असेल, किंवा विशेषांकांचा पूर आला असेल, तर मी तरी तिथे मुदतीचा पेपर पाठवणार नाही. शिवाय तुमच्या नियमात सबमिट केल्याची तारीख धरतात, स्वीकारल्याची की छापल्याची, हे विचारून घ्या. सबमिट करता त्या दिवशी यादीच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवा.

दुसरा सापळा नकली वेबसाइटचा. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब साइट उभी केली जाते. इंडेक्समधली नोंद खरीच असते, तुम्ही पैसे भरता ती साइट खोटी असते. ओळखायची सोपी रीत अशी: वेब ऑफ सायन्समधून त्या जर्नलच्या जुन्या पेपरचा डीओआय घ्या, doi.org वर टाका आणि तो कोणत्या साइटवर नेतो ते पाहा. तुम्ही उघडलेली साइट तीच नसेल तर तिथे काहीही सबमिट करू नका. आयएसएसएनची मूळ नोंद portal.issn.org वर पाहता येते.

४. वेळ: जाहिरातीचा आकडा आणि तुमच्या कामाचा आकडा

बरीच जर्नल्स ‘पहिल्या निर्णयापर्यंतचे दिवस’ छापतात. हा आकडा जसाच्या तसा धरू नका. समजा १०० पेपर आले. त्यातले ६० एडिटरने पाच दिवसांत, रिव्ह्यूला न पाठवताच परत केले. उरलेल्या ४० जणांना पहिला निर्णय मिळायला तीन महिने लागले. सगळे पेपर वेळेनुसार ओळीत लावले तर मधला पेपर त्या ६० मध्येच येतो. म्हणजे मध्यक पाच दिवस! आकडा खोटा नाही, पण तो परत गेलेल्यांचा आहे.

तुम्हाला हवा तो आकडा छापील पेपरांवर सापडतो. पहिल्या पानावर किंवा शेवटी Received, Revised आणि Accepted अशा तारखा असतात. तुमच्या प्रकारचे अलीकडचे दहा पेपर घ्या, मिळाल्यापासून स्वीकारेपर्यंतचे दिवस लिहा आणि चढत्या क्रमाने लावा. ‘क’साठी समजा असे आले:

९६, ११०, १२१, १३४, १४८, १६०, १७१, १९०, २१४, ३०२

पाचवा १४८, सहावा १६०, म्हणून मध्यक १५४ दिवस, म्हणजे साधारण पाच महिने. शेवटचा ३०२ सोडून देऊ नका. दहातल्या एकाला दहा महिने लागलेत, आणि तुमची मुदतही दहाच महिन्यांची आहे. ‘घ’साठी हेच केलं आणि मध्यक १२५ दिवस आला असं धरू.

यातही एक मेख आहे. काही जर्नल्स मोठी दुरुस्ती हवी असेल तर ‘नाकारला, पण सुधारून नव्याने पाठवा’ असं कळवतात. नव्याने पाठवलेल्या पेपरवर Received ची तारीख नवी पडते आणि पहिल्या फेरीचे महिने हिशेबातून गायब होतात. सगळ्या पेपरांचे आकडे संशयास्पद कमी वाटले तर त्या जर्नलमध्ये छापलेल्या एखाद्याला विचारा.

आणि दहाच्या दहा पेपर आठ-दहा दिवसांत स्वीकारलेले दिसले तर खूश होऊ नका. दोन रिव्ह्यूअर शोधायचे, त्यांनी वाचायचं, लेखकाने दुरुस्ती करायची, एवढं इतक्या दिवसांत प्रत्येक वेळी होत नाही. तिथे खरा रिव्ह्यू झाला असण्याची शक्यता फार कमी.

५. फी: किती, केव्हा आणि खरंच भरावी लागते का

छापण्याच्या पद्धती ढोबळमानाने चार. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये लेखकाला सहसा प्रकाशन फी नसते. हायब्रिड जर्नलमध्ये लेखक निवडतो, वर्गणीचा मार्ग घ्यायचा की फी भरून पेपर खुला करायचा. पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस जर्नलमध्ये स्वीकारल्यावर फी लागते, तिला एपीसी म्हणतात. आणि डायमंड जर्नलमध्ये लेखक आणि वाचक दोघांनाही काहीच भरावं लागत नाही. मशीन लर्निंगमधलं JMLR असं आहे. फी आणि दर्जा यांची सांगड नसते. नेचरने ओपन अ‍ॅक्सेससाठी २०२०मध्ये ९,५०० युरो फी जाहीर केली, आणि JMLR काहीच घेत नाही. दोन्ही आपापल्या क्षेत्रात वरच्या फळीत आहेत.

नवख्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे हायब्रिड जर्नल. वेबसाइटवर एपीसीचा मोठा आकडा दिसतो आणि लोक पान बंद करतात. वर्गणीचा मार्ग निवडला तर ती फी लागत नाही. रिव्ह्यूनंतर स्वीकारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत बहुतेक वेळा संस्थेच्या संग्रहात ठेवता येते, काही ठिकाणी ठरावीक महिन्यांनी. कोणत्या जर्नलला काय चालतं हे जिस्कच्या ओपन पॉलिसी फाइंडरवर कळतं. पूर्वी याचं नाव शेर्पा रोमिओ होतं.

फीत सूट हवी असेल तर सबमिट करण्याआधी धोरण वाचा. अनेक प्रकाशक कमी उत्पन्नाच्या देशांना संशोधन साहित्य पुरवणाऱ्या रिसर्च४लाइफच्या यादीतल्या देशांमधल्या लेखकांना पूर्ण किंवा अर्धी सूट देतात. ग्रंथालयाचा करार असेल तर तो बहुधा करस्पॉन्डिंग ऑथरच्या संस्थेवरून लागू होतो. म्हणून करस्पॉन्डिंग ऑथर कोण आणि तो संस्थेचा ईमेल वापरतो का, हे आधीच ठरवा. स्वीकारल्यावर हे बदलायला गेलात तर बरेचदा नकार मिळतो. एपीसीखेरीज पानांची फी, रंगीत आकृत्यांची फी आणि कर हेही पाहा. अर्थशास्त्रात काही चांगली जर्नल्स सबमिट करतानाच फी घेतात, पण ती आधीपासून जाहीर असते.

जी फी जाहीर नसते ती धोक्याची. स्वीकारल्यावर अचानक बिल येतं, आणि पेपर मागे घ्यायचा म्हटलं तर ‘विड्रॉल फी’ मागतात. अशाच लपवलेल्या फीच्या प्रकरणात २०१९मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ओमिक्स या प्रकाशकाविरुद्ध पाच कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल दिला. वेबसाइटवर फीचं पान सापडत नसेल तर ते जर्नल सोडा. ओपन अ‍ॅक्सेस जर्नलची फी doaj.org वरच्या नोंदीतही असते, तिथला आकडा जुळतो का पाहा.

६. आता निर्णय

‘ख’ स्कोपमध्ये गेलं, ‘ग’ इंडेक्सिंगमध्ये. उरले ‘क’ आणि ‘घ’, दोन्ही SCIE मध्ये. ‘क’ पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस आहे, पानांनुसार फी घेतं, विनंतीवर सूट देतं. ‘घ’ हायब्रिड आहे, म्हणजे वर्गणीच्या मार्गाने फुकट.

इथे वेळेचा हिशेब नुसत्या मध्यकावर करू नका. नकार केव्हा येईल, हे धरून करा. ‘क’ने एडिटरच्या टेबलावरूनच परत केलं तर दोन-तीन आठवडे गेले, त्याने काही बिघडत नाही. रिव्ह्यूनंतर नाकारलं तर समजा चार महिने गेले. सुधारणेला एक महिना धरा. मग ‘घ’चे १२५ दिवस, म्हणजे चार महिन्यांहून थोडे जास्त. बेरीज सव्वानऊ महिने. मुदत दहाची. जमतं, पण अगदी काठावर.

म्हणून क्रम असा: आज ‘क’कडे फीत सूट मागायची. सूट मिळाली तर ‘क’ आधी, कारण खरे वाचक तिथे आहेत. मिळाली नाही तर सरळ ‘घ’. आणि ‘क’कडे पाठवल्यावर पाचवा महिना संपेपर्यंत पहिला निर्णय आला नाही, तर एडिटरला विचारायचं. तरीही हालचाल नसेल तर पेपर लेखी मागे घ्यायचा, मागे घेतल्याची पोच हातात आल्यावरच ‘घ’कडे पाठवायचा. मुदत सहा महिन्यांची असती तर पहिल्यापासूनच ‘घ’ निवडावं लागलं असतं.

हा क्रम सगळ्या को-ऑथर्सना ईमेलने कळवून त्यांचा होकार लेखी घ्या. दुसरी निवडही आत्ताच ठरवा. नकार आल्यानंतर घाईत केलेल्या निवडी बहुधा कच्च्या निघतात.

७. नकार आला तर

नकाराच्या ईमेलमध्ये बरेचदा एक बटण असतं: तुमचा पेपर याच प्रकाशकाच्या दुसऱ्या जर्नलकडे पाठवू का? रिव्ह्यूही सोबत जातात, फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही, म्हणून मोह होतो. पण ते दुसरं जर्नल अनेकदा नवं आणि पूर्ण फीवर चालणारं असतं. त्याला पायरी २ ते ५ नव्याने लावा, विशेषतः यादी SCIE आहे की ESCI ते पाहा. मगच बटण दाबा.

बटण दाबा किंवा न दाबा, रिव्ह्यूअरच्या टिप्पण्यांवर काम करूनच पेपर पुढे पाठवा. लहान विषयात ‘घ’चा एडिटरही त्याच माणसाला पेपर पाठवण्याची शक्यता असते, आणि आपण दाखवलेली चूक तशीच आहे हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.